माल कधी मागवायचा? कमीजास्त खपाच्या मालाचा रिऑर्डर पॉइंट आणि सेफ्टी स्टॉक, टाइल अ‍ॅडेसिव्हच्या उदाहरणासकट

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे तालुक्याच्या गावी, आणि ज्या मालाने मला हे गणित शिकायला लावलं तो म्हणजे टाइल अ‍ॅडेसिव्ह, २० किलोची बॅग. सिमेंटसारखा रोजचा ठरलेला खप याला नाही. एखादा आठवडा पाच बॅगा जातात, पुढच्या आठवड्यात दोन फरशीवाले मिस्त्री एकाच दिवशी येतात आणि चोवीस उचलून नेतात. असल्या मालाची ऑर्डर आपण सगळे नजरेने देतो, म्हणजे थप्पी छोटी दिसली की फोन करायचा. नजर चुकते ती दोन्ही बाजूंनी, एकतर मिस्त्री दारात उभा आणि माल नाही, नाहीतर पावसाळ्यात चाळीस बॅगा पडून आणि खालच्या थरात खडे झालेले.

ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय. एकच आयटम घेतो आणि शेवटपर्यंत नेतो, तुम्ही तुमच्या दुकानातला कुठलाही आयटम त्या जागी ठेवा. हातात विक्रीची वही पाहिजे, खरेदीची बिलं पाहिजेत आणि मोबाइलवर एक्सेल किंवा गूगल शीट.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या. रिऑर्डर पॉइंट म्हणजे माल किती उरला की ऑर्डर द्यायची तो आकडा. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत आपण विकतच असतो, त्या दिवसांत जेवढं जाईल तेवढं तरी हातात पाहिजे. पण जेवढं सरासरीने जातं तेवढंच ठेवलं तर साधारण निम्म्या वेळा माल कमी पडेल, कारण निम्म्या वेळा खप सरासरीच्या वर असतो. म्हणून वर थोडा जास्तीचा ठेवायचा, त्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात. रिऑर्डर पॉइंट म्हणजे या दोघांची बेरीज, बस. किती मागवायचं हा वेगळा प्रश्न आहे, तो गाडीभाडं, स्कीम आणि गोडाऊनच्या जागेवर ठरतो, त्याची इथे सरमिसळ करू नका.

पायरी १: बारा आठवड्यांचा खप वहीतून काढा

सोमवार ते रविवार असा आठवडा धरा आणि त्या त्या आठवड्यात किती बॅगा गेल्या ते एका खाली एक लिहा. उधारीवर गेलेलं पण धरा, परत आलेलं वजा करा (मिस्त्री काम झालं की दोन बॅगा परत आणून देतात, हे आमच्याकडे नेहमीचं आहे). माझे बारा आठवडे असे निघाले:

१४, ६, २४, ९, ११, ०, ३०, १३, ८, १८, ५, १२

बेरीज १५०, म्हणजे आठवड्याला सरासरी साडेबारा. बहुतेक जण इथे थांबून सरळ फॉर्म्युल्यात आकडे टाकतात. मीही पहिल्यांदा तेच केलं आणि चुकीचं उत्तर घेऊन बसलो. सगळ्यात जास्त डोकं पुढच्या पायरीत लावायचं असतं.

पायरी २: आकडे साफ करा

यादीत दोन आकडे वेगळे दिसतात, ० आणि ३०. दोन्ही विक्रीचे खरे आकडे आहेत, पण दोन्ही मागणीचे खरे आकडे नाहीत.

आधी शून्य बघू. सहाव्या आठवड्यात गिऱ्हाईक आलं नाही असं नाही, माल नव्हता. आधीच्या आठवड्याच्या शेवटी बॅगा संपल्या आणि गाडी पाच दिवस उशिरा आली. त्या आठवड्यात किती जण विचारून गेले ते वहीत नाही कारण न झालेली विक्री कोण लिहितं. आता हे शून्य जर तसंच गणितात घेतलं तर काय होतं बघा, वही म्हणते "एका आठवड्यात काहीच खप नव्हता", म्हणून सरासरी खाली येते, आणि आपणच माल ठेवला नाही म्हणून पुढे अजून कमी माल ठेवायचा असं उत्तर निघायला लागतं. म्हणून माल नसलेला आठवडा यादीतून काढायचा. शीटमध्ये त्या जागी ० टाइप करू नका, सेल रिकामा ठेवा, कारण सरासरीचा फॉर्म्युला रिकामा सेल सोडून देतो पण शून्य मात्र मोजतो. हा फरक खूप जणांना माहिती नसतो.

माल आठवड्याच्या मध्येच संपला असेल तर? तुमच्याकडे दहा-बारा चांगले आठवडे असतील तर तो आठवडापण सोडून द्या. आठवडे कमीच असतील तर जेवढे दिवस माल होता त्यावरून अंदाज बांधा, म्हणजे सहा दिवस दुकान उघडं, तीन दिवस माल होता आणि सहा बॅगा गेल्या तर बारा धरा. आणि आजपासून काउंटरवर एक छोटी वही ठेवा, माल नव्हता म्हणून जो परत गेला त्याची एक रेघ आणि किती पाहिजे होतं तो आकडा. आमच्याकडे पोरगं ते लिहितं आणि तीन महिन्यांत ती वही विक्रीच्या वहीइतकीच कामाची झालीय.

आता ३०. त्यातल्या १८ बॅगा एकाच ठेकेदाराने नेल्या, मंगल कार्यालयाच्या हॉलची फरशी होती. पण तो पंधरा दिवस आधी सांगून गेला होता की मला एवढ्या लागणार. माल यायला दहा दिवस लागतात (ते पुढच्या पायरीत बघू), म्हणजे त्याने सांगितल्यावर मागवूनसुद्धा त्याला वेळेत देता येतात. असला माल थप्पीतून द्यायचाच नसतो, त्याच्या नावाने वेगळा मागवायचा. म्हणून ते १८ काढून टाका, आठवडा १२ चा झाला.

इथे मोह होतो की मोठा आकडा दिसला की कापून टाकायचा. तसं करू नका. तिसऱ्या आठवड्यातले २४ बघा, तेही मोठेच आहेत, पण ते दोन मिस्त्री न सांगता आले होते आणि जागेवर माल मागत होते. उद्या परत तसं होऊ शकतं आणि सेफ्टी स्टॉक त्याच्यासाठीच आहे. म्हणून माझा नियम असा की गिऱ्हाइकाने माल यायला लागतात त्याहून जास्त दिवस आधी सांगितलं असेल तर तो आकडा बाहेर, न सांगता आला असेल तर कितीही मोठा असो आत.

साफ केल्यावर अकरा आठवडे उरले:

१४, ६, २४, ९, ११, (रिकामा), १२, १३, ८, १८, ५, १२

बेरीज १३२, सरासरी १२. म्हणजे सरासरी साडेबारावरून बारावर आली, फारसा फरक नाही. पण पुढे बघाल की खरा फरक चढउतारात पडतो.

पायरी ३: चढउतार एका आकड्यात आणा

सरासरी बारा आहे हे कळलं, पण दर आठवड्याला बाराच जाणाऱ्या मालाची सरासरी पण बारा आणि आपल्या या मालाची पण बारा. दोघांना सारखा सेफ्टी स्टॉक लागत नाही. खप सरासरीपासून साधारण किती वरखाली होतो ते सांगणाऱ्या आकड्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. हाताने काढायचा असेल तर प्रत्येक आठवड्याचा सरासरीपासूनचा फरक घ्या (१४ चा फरक २, ६ चा फरक ६, २४ चा १२, असं करत), प्रत्येक फरकाचा वर्ग करा, सगळे मिळवा, आपल्याकडे २९६ येतात, त्याला आठवड्यांच्या संख्येतून एक वजा करून म्हणजे १० ने भागा, २९.६ आले, त्याचं वर्गमूळ ५.४४. म्हणजे हा माल बाराच्या आजूबाजूला साधारण साडेपाच बॅगा वरखाली होतो.

शीटमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. खप B2 पासून B13 पर्यंत लिहिला असेल तर:

```
=AVERAGE(B2:B13)
=STDEV.S(B2:B13)
```

मी न साफ केलेले मूळ आकडे टाकूनही बघितलं, तेव्हा हा चढउतार ८.३२ आला. सरासरी जवळपास तीच पण चढउतार दीडपट! म्हणजे एक खोटं शून्य आणि एक सांगून आलेली मोठी ऑर्डर यांनी मिळून मला विनाकारण घाबरवलं असतं, आणि त्या भीतीचे पैसे थप्पीत अडकले असते.

पायरी ४: माल यायला खरंच किती दिवस लागतात

सेल्समन म्हणतो पाच दिवस. मीही कितीतरी वर्षं पाचच धरत होतो. मग एके रविवारी बसून मागच्या आठ ऑर्डरी काढल्या, एका बाजूला मेसेज पाठवल्याची तारीख आणि दुसऱ्या बाजूला माल उतरवून घेतल्याची तारीख, मधले दिवस मोजले:

८, ९, १०, ८, १०, १५, १०, १०

सरासरी बरोबर १० दिवस. पाच दिवसांचे दहा कसे झाले ते शोधलं तर सेल्समन खोटं बोलत नव्हता, तो त्याच्या गोडाऊनमधून माल निघाल्यापासून मोजत होता. त्याच्याकडे आपल्या रूटचा लोड पुरा व्हायला दोन-तीन दिवस जातात, गाडी आपल्या बाजूला ठरलेल्याच वारी येते, कधी उधारीची मागची रक्कम गेल्याशिवाय नवीन बिल बनत नाही आणि तेवढ्यात दोन दिवस जातात, आणि माल आला तरी हमाल मिळेपर्यंत संध्याकाळ होते. दुकानदाराच्या दृष्टीने दिवस मोजायचे ते "मागवलं" पासून "विकायला मोकळं झालं" इथपर्यंत, मधे जो काही वेळ जातो तो कोणाच्या का चुकीने असेना.

सरासरी नुसती काढून थांबू नका, दिवसांचा पण चढउतार काढा, त्याच STDEV.S ने. माझा आला २.२ दिवस. त्यातला बराचसा त्या १५ वाल्या एका ऑर्डरीमुळे आहे, सप्लायरकडेच माल शिल्लक नव्हता तेव्हाची, आणि आपलं सहाव्या आठवड्याचं शून्य त्याचंच पोर. ती ऑर्डर अपवाद म्हणून काढू नका. आपल्याला आधी कळलं नव्हतं ना, मग ती आत.

आता एकच काळजी घ्या. खप आठवड्याचा आहे आणि गाडी दिवसांची, तर दोन्ही एकाच मापात आणा नाहीतर सगळं फसतं. मी दिवसांना ७ ने भागून आठवडे करतो: १० दिवस म्हणजे १.४३ आठवडे, २.२ दिवस म्हणजे ०.३१ आठवडे. मोजताना मी सुट्टीचा दिवस धरूनच मोजलंय, दोन्हीकडे सात दिवसांचाच आठवडा. तुम्ही कामाचे दिवस धरणार असाल तर दोन्हीकडे तेच धरा.

पायरी ५: सेफ्टी स्टॉक

माल येईपर्यंत दोन गोष्टी बिघडू शकतात, खप जास्त होणं आणि गाडी उशिरा येणं. दोन्हीचा चढउतार आधी बॅगांमध्ये आणायचा.

खपाचा: आठवड्याला ५.४४ आहे, आपल्याला पाहिजे १.४३ आठवड्यांचा. इथे ५.४४ ला सरळ १.४३ ने गुणायचं नाही, १.४३ च्या वर्गमुळाने म्हणजे १.१९५ ने गुणायचं. का? कारण एखादा दिवस जोरात गेला तर पुढचा दिवसही जोरातच जाईल असं नसतं, कधी एक दुसऱ्याला भरून काढतो, म्हणून दिवस वाढले तसा चढउतार वाढतो पण तेवढ्या वेगाने नाही. उत्तर ६.५ बॅगा.

गाडीचा: उशीर ०.३१ आठवड्यांचा आणि आठवड्याला १२ बॅगा जातात, म्हणजे ३.८ बॅगा.

हे दोन्ही एकत्र करताना पण सरळ बेरीज नाही, दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ घ्यायचं, कारण गाडीला उशीर आणि खपात उसळी नेमकी एकाच वेळी दरवेळी येत नाही. ६.५ चा वर्ग सुमारे ४२, ३.८ चा सुमारे १४, बेरीज ५६ च्या पुढे, वर्गमूळ साधारण ७.५ बॅगा.

आता या ७.५ च्या किती पट ठेवायचं ते तुमच्यावर आहे, म्हणजे किती वेळा माल कमी पडलेला तुम्हाला चालेल. १०० पैकी ९० ऑर्डरींमध्ये माल पुरावा असं असेल तर १.२८ पट, ९५ साठी १.६५ पट, ९९ साठी २.३३ पट. आपल्याकडे हे असं येतं: ९० ला १० बॅगा, ९५ ला १३, ९९ ला १८. बघा, ९० वरून ९५ ला जायला तीन बॅगा आणि ९५ वरून ९९ ला जायला अजून पाच. जसजसं वर जाल तसतसा प्रत्येक टक्का महाग पडतो, म्हणून सगळ्या आयटमला ९९ ठेवणं मला पटत नाही.

९५ म्हणजे नक्की काय तेही समजून घ्या, नाहीतर गैरसमज होतो. शंभरातल्या पंच्याण्णव गिऱ्हाइकांना माल मिळेल असा याचा अर्थ नाही. अर्थ असा की ऑर्डर देऊन माल येईपर्यंतची जी प्रत्येक फेरी आहे, अशा वीस फेऱ्यांत एखाद्या फेरीत माल संपेल. आम्ही एका वेळी ४० बॅगा मागवतो, आठवड्याला १२ जातात, म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा ऑर्डरी होतात, तर अंदाजे वर्षातून एखाद्या वेळी माल संपणार. मला ते चालतं. टाइल अ‍ॅडेसिव्हला मी ९५ ठेवलं कारण बॅगेसोबत मिस्त्री स्पेसर, ग्राउट, कटरचं ब्लेड सगळं नेतो आणि बॅग नाही म्हटलं की बाकीचंही दुसरीकडून घेतो. पण त्याच रॅकवरचा रंगीत ग्राउट, ज्यात एक शेड नसली तर गिऱ्हाईक दुसरी घेतं, त्याला मी ९० वर ठेवलंय.

पैशाच्या बाजूने बघायचं तर बॅग आपल्याला समजा ३८० ला पडते, तर १३ बॅगा म्हणजे ४,९४० रुपये कायमचे अडकले. तेवढे पैसे या आयटममध्ये अडकवायचे की नाही हे प्रत्येकाने आपल्या खेळत्या भांडवलावरून ठरवावं.

पायरी ६: रिऑर्डर पॉइंट

सोपं राहिलं आता. माल येईपर्यंतचा सरासरी खप म्हणजे १२ गुणिले १.४३, १७.१ बॅगा. त्यात सेफ्टी स्टॉक १२.४ (वर १३ म्हटलं ते पूर्ण बॅग धरून), बेरीज २९.५, म्हणजे ३०. तीस बॅगा उरल्या की मेसेज टाकायचा.

शीटमध्ये सगळं एकत्र असं लिहा. D2 मध्ये सरासरी खप, D3 मध्ये खपाचा चढउतार, D4 मध्ये गाडीचे आठवडे, D5 मध्ये गाडीचा चढउतार आठवड्यांत, D6 मध्ये 0.95:

```
D7: =NORM.S.INV(D6)*SQRT(D4*D3^2+D2^2*D5^2)
D8: =ROUNDUP(D2*D4+D7,0)
```

D7 हा सेफ्टी स्टॉक आणि D8 हा रिऑर्डर पॉइंट. गाडीचे आठवडे लिहिताना =10/7 असं लिहा, गोल आकडा टाकू नका.

पायरी ७: उत्तर वहीवर घासून बघा

फॉर्म्युल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, विशेषतः खप उड्या मारत असेल तर. मी असं करतो की लागोपाठच्या दोन-दोन आठवड्यांची बेरीज करतो. पहिला-दुसरा २०, दुसरा-तिसरा ३०, तिसरा-चौथा ३३, चौथा-पाचवा २०, मग रिकामा आठवडा सोडून सातवा-आठवा २५, पुढे २१, २६, २३, १७. नऊ जोड्यांपैकी फक्त एक तीसच्या वर गेली, आणि ती पण १४ दिवसांची बेरीज आहे, आपल्याला तर दहा दिवसच काढायचे असतात. म्हणजे तीस बरोबर बसतोय. गाडी पंधरा दिवसांनी आली आणि नेमके तेच दोन आठवडे जोरात गेले तर तीन-चार बॅगा कमी पडतील, आणि तेवढा धोका आपण ९५ निवडून स्वीकारलेलाच आहे.

ही तपासणी फॉर्म्युल्यापेक्षा जास्त कामाची कधी पडते सांगतो. काही आयटम असे असतात की तीन आठवडे शून्य (माल असूनही), मग एकदम सहा, मग परत दोन आठवडे शून्य, उदाहरणार्थ मोठ्या साइजचा व्हॉल्व्ह. तिथे चढउताराचा आकडा सरासरीपेक्षाच मोठा येतो, आणि तसं झालं की समजायचं वरचा फॉर्म्युला या आयटमचा नाही, कारण त्याची पटी (ते १.६५ वगैरे) अशा खपासाठी बनलेलीच नाहीये. अशा वेळी सहा महिन्यांची वही घ्या, माल यायला लागतात तेवढ्या दिवसांच्या बेरजा करत जा, आणि ज्या आकड्यात वीसपैकी एकोणीस बेरजा मावतात तो थेट रिऑर्डर पॉइंट धरा.

अजून एक पद्धत बाजारात चालते, सगळ्यात जास्त खप गुणिले सगळ्यात उशिराची गाडी, त्यातून सरासरी खप गुणिले सरासरी गाडी वजा. सोपी आहे पण असमान खपाला ती फार फुगते. आपल्या मालात करून बघा, २४ गुणिले १५ भागिले ७ म्हणजे ५१, वजा १७, सेफ्टी स्टॉक ३४ बॅगा! तेराच्या जागी चौतीस. एका आठवड्याच्या उसळीवर सगळं गणित लटकतं, म्हणून मी ती वापरत नाही.

आता दुकानात हे चालवायचं कसं, कारण कागदावरचा तीस थप्पीपाशी दिसला पाहिजे. आमच्या बॅगा लाकडी पॅलेटवर एका थरात सहा बसतात, म्हणजे तीस म्हणजे पाच थर. पाचव्या थराच्या वरच्या कडेला भिंतीवर लाल ऑइल पेंटने आडवी रेघ मारलीय, थप्पी रेघेला आली की पोरगं मला हाक मारतं. नवीन माल आला की जुन्या बॅगा आधी खाली उतरवून पुढे घ्यायच्या आणि नवीन मागे, नाहीतर खालचा थर वर्षभर खालीच राहतो. बॅगेवर तारीख छापलेली असते ती बघा, आणि पावसाळ्यात बॅग हाताने दाबून बघा, पिठासारखी दबली तर ठीक, आत खडे लागले तर ओल लागलीय, ती विकायची नाही आणि मोजायची पण नाही. शिल्लक मोजताना असल्या बॅगा धरल्या तर रेघ दिसते तीसची आणि विकायला असतात चोवीस.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मागवलेल्या मालाचा. थप्पी तीसला आली, आपण चाळीसची ऑर्डर दिली, दोन दिवसांनी थप्पी सव्वीस, दुकानात भाऊ बसलेला, त्याला रेघ दिसली आणि त्याने पण चाळीसची ऑर्डर दिली. आमच्याकडे हे झालंय आणि ऐंशी बॅगा एका आठवड्यात उतरल्यात. म्हणून तीसशी तुलना करायची ती नुसत्या थप्पीची नाही, थप्पी अधिक वाटेत असलेला माल वजा कोणाला कबूल केलेला माल. ऑर्डर दिली की तारीख आणि नग लिहून चिठ्ठी त्याच रेघेपाशी खिळ्याला अडकवतो, माल उतरला की चिठ्ठी काढायची. चिठ्ठी लटकतेय म्हणजे परत मागवायचं नाही, दहा दिवस होऊन गेले असतील तर सप्लायरला फोन करायचा.

दुसरी गोष्ट, हा तीस तेव्हाच चालतो जेव्हा कोणीतरी रोज थप्पी बघतं. तुम्ही फक्त रविवारी स्टॉक बघून ऑर्डर देत असाल तर सोमवारी तीसच्या खाली गेलेला माल तुम्हाला सहा दिवसांनी कळणार. मग दहा दिवसांच्या जागी सतरा दिवस धरून तेच गणित करा, म्हणजे D4 मध्ये =17/7. उत्तर येतं ४५, आणि त्याचा वापर पण बदलतो, दर रविवारी थप्पी अधिक वाटेतला माल मिळून पंचेचाळीस होतील एवढं मागवायचं. म्हणजे रोज नजर टाकायचा कंटाळा केला तर त्याची किंमत जास्तीच्या बॅगांत मोजावी लागते. ज्यांचा सप्लायर आठवड्यातून एकदाच ऑर्डर घेतो त्यांना मात्र हाच हिशोब लागू पडतो, त्यांना पर्याय नाही.

आणि आकडे परत कधी काढायचे? मी महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यात जुने चार आठवडे काढतो आणि नवीन चार टाकतो. पण दसरा-दिवाळीच्या आधी लोकं घराची कामं काढतात आणि आमचा खप चढतो, तेव्हा श्रावणातले आठवडे घालून काढलेला पॉइंट कमीच पडणार. म्हणून गणपती बसले की मी मागच्या वर्षीच्या वहीतले दसऱ्याआधीचे सहा आठवडे काढून त्यांची सरासरी D2 मध्ये टाकतो, चढउतारही त्याच आठवड्यांचा, गाडीचे दिवस पण जरा वाढवूनच धरतो कारण दिवाळीच्या तोंडावर ट्रान्सपोर्टवाले भरलेले असतात. उलट दिवाळीच्या आठ दिवस आधी पॉइंट परत खाली आणायचा, कारण भाऊबीज होईपर्यंत मिस्त्री गावी गेलेले असतात आणि तेव्हा मागवलेला माल तसाच पडून राहतो.

पहिल्यांदा करताना दुकानातले सगळे आयटम घेऊ नका, ज्यांच्यामुळे गिऱ्हाईक परत गेलं असे पाचच घ्या. आमच्याकडे ते टाइल अ‍ॅडेसिव्ह, व्हाइट सिमेंट, अर्ध्या इंचाचे सीपीव्हीसी एल्बो, सॉल्व्हंटचा छोटा डबा आणि वॉटरप्रूफिंगचा एक लिटरचा डबा असे निघाले. एका आयटमला वही चाळण्यासकट अर्धा-पाऊण तास लागतो, त्यातला गणिताचा वेळ पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ कुठलं शून्य खरं आणि कुठलं खोटं ते आठवण्यात जातो.